तीन चुकीची उत्तरे

(गुरुत्वाकर्षणाच्या धड्यावरील बहुपर्यायी प्रश्नांच्या संग्रहाची प्रस्तावना)

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ या पुस्तकात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. घटक चाचणी जवळ आली की या धड्यावर बहुपर्यायी प्रश्न काढायचे काम शिक्षकाकडे येते आणि ते बहुधा घाईत, एकाच रीतीने उरकले जाते. धड्यातले एखादे ठळक वाक्य घ्यायचे, त्यातला एक शब्द किंवा आकडा काढून तिथे रेघ मारायची, काढलेला आकडा एका पर्यायात बसवायचा आणि उरलेल्या तीन जागा सुचेल त्याने भरायच्या. पृथ्वीवरील मुक्तिवेग किती, असा प्रश्न, पर्याय ११.२, १५.६, २०.४ आणि ८.३ किमी प्रति सेकंद. ज्या मुलाने ११.२ हा आकडा वहीत दोनदा लिहिला आहे तो ते ओळखतो. ज्याने १५.६ वर खूण केली त्याच्याबद्दल मात्र उत्तरपत्रिका शिक्षकाला काहीच सांगत नाही, कारण १५.६ हा आकडा कुठल्याही विचारातून आलेला नाही. तो निवडणाऱ्याचे काय चुकले, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही.

या संग्रहातले सगळे प्रश्न या एकाच धड्यावरचे आहेत. पुस्तकातले सगळे धडे घेऊन जाडजूड प्रश्नपेढी करता आली असती. पण एक धडा पूर्ण पिंजून काढला तर प्रश्न कसा घडतो ते दिसते आणि तीच रीत मग प्रकाशाच्या किंवा विद्युतधारेच्या धड्याला लावता येते. या प्रस्तावनेत ती रीत मी सांगणार आहे आणि माझा सगळा भर चुकीच्या पर्यायांवर राहील. बरोबर उत्तर धड्यात असते, ते शोधायला फार कष्ट पडत नाहीत. चुकीची तीन उत्तरे धड्यात सापडत नाहीत. ती मुलांकडूनच मिळवावी लागतात.

सुरुवात अर्थातच धड्याच्या वाचनाने होते. पण हे वाचन शिकवण्यासाठी करतो त्याहून वेगळे असते. हातात पेन्सिल घेऊन धड्यातला प्रत्येक परिच्छेद एका विधानात आणायचा: ‘वस्तुमान जागेनुसार बदलत नाही, वजन बदलते.’ ‘गुरुत्व त्वरण वस्तूच्या वस्तुमानावर अवलंबून नसते.’ ‘पृथ्वीच्या केंद्रापासून अंतर वाढले की गुरुत्व बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते.’ विधान लिहून झाले की स्वतःला विचारायचे, हे खरे आहे असे न मानणारा मुलगा वर्गात असू शकतो का? वजनदार वस्तू लवकर पडते असे मानणारी मुले भरपूर असतात. न्यूटनचा जन्म अमुक साली झाला हे न मानणारा कुणी नसतो. ते साल फक्त आठवते किंवा आठवत नाही. म्हणून शास्त्रज्ञांच्या परिचयाच्या चौकटीवर या संग्रहात एकही प्रश्न नाही. बी. एड. ला शिकलेला संविधान तक्ता इथे उपयोगी पडतो, कारण ज्ञानाला किती, आकलनाला किती आणि उपयोजनाला किती गुण हे त्यातून डोळ्यांसमोर राहते. मात्र तक्ता भरला म्हणून प्रश्न चांगले झाले असे होत नाही. आकलनाच्या रकान्यात लिहिलेला प्रश्न पाठांतराने सुटत असेल तर तो ज्ञानाचाच प्रश्न राहतो.

विधाने हाती आली की पर्याय न देता तोच प्रश्न वर्गाला विचारायचा आणि उत्तरासोबत एका ओळीत कारण लिहायला सांगायचे. या संग्रहातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा मी हाच मानतो. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठात डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बल आणि गतीच्या संकल्पनांची जी चाचणी १९९२ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यामागे हाच मार्ग होता. तिच्या आधीच्या चाचणीचे प्रश्न त्यांनी विद्यार्थ्यांना आधी लेखी उत्तरांसाठी दिले आणि त्या उत्तरांत पुन्हा पुन्हा दिसलेले गैरसमज पुढे पर्याय म्हणून वापरले. त्यामुळे चुकीचा पर्याय निवडणारा विद्यार्थी आपोआप आपला विचार सांगून जातो. आपल्याकडे एका वर्गाची चाळीस चिठोरी जमवायला दहा मिनिटे लागतात. ती घरी नेऊन उत्तरांप्रमाणे गठ्ठे केले की तीन-चार गठ्ठे जाड होतात, बाकी सुटी राहतात. जाड गठ्ठे म्हणजे आपले पर्याय.

आता एक आकडेमोडीचा प्रश्न घडवून पाहू. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून ४०० किमी उंचीवर गुरुत्व त्वरण किती असेल? पृथ्वीची त्रिज्या ६४०० किमी आणि पृष्ठभागावरचे गुरुत्व त्वरण ९.८ मी/से² धरायचे. केंद्रापासूनचे अंतर ६४०० वरून ६८०० किमी झाले, म्हणून ९.८ ला ६४०० भागिले ६८०० या गुणोत्तराच्या वर्गाने गुणायचे. उत्तर सुमारे ८.७ येते.

चुकीची उत्तरे इथे चुकीच्या वाटांनी जाऊन काढायची असतात. पहिली वाट वर्ग विसरण्याची. गुणोत्तराचा वर्ग न करता गुणले की सुमारे ९.२ येते. दुसरी वाट गुणोत्तर उलटे मांडण्याची. ६८०० वर आणि ६४०० खाली घेतले तर ११.१ येते आणि उंचीवर गेल्यावर त्वरण वाढले कसे, याचे त्या मुलाला आश्चर्य वाटत नाही. तिसरी वाट गणिताची नाहीच. अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते असे टीव्हीवर तरंगणाऱ्या माणसांकडे पाहून मनात बसलेले असते, म्हणून शून्य. चौथीही एक वाट आहे आणि ती वह्यांमध्ये दिसते. केंद्रापासूनचे अंतर न घेता नुसती उंची ४०० घालायची. तसे केले की ६४०० ला ४०० ने भागून १६, त्याचा वर्ग २५६, आणि उत्तर सुमारे २५०९ मी/से² येते. चूक खरी आहे, वर्गात होते, तरीही हा पर्याय मी ठेवणार नाही. आठ, नऊ, अकरा अशा आकड्यांच्या रांगेत २५०९ दिसला की ज्याने हीच चूक केली आहे तोसुद्धा थबकतो आणि पुन्हा गणित करतो. पर्याय पाहूनच जी चूक दुरुस्त होते ती बहुपर्यायी प्रश्नाने पकडता येत नाही. ती पकडायची तर गणित सोडवून मागावे.

तेव्हा पर्याय ठरले: ०, ८.७, ९.२, ११.१. ते चढत्या क्रमाने लावायचे. आकडे असतील तर क्रम आकड्यांवर सोपवावा, म्हणजे बरोबर उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या जागी लपवण्याची आपली सवय प्रश्नपत्रिकेत उमटत नाही. प्रत्येक पर्यायाशेजारी एकेक ओळ लिहिता येते. शून्य: कक्षेत गुरुत्वाकर्षण संपते असा समज, प्रत्यक्षात या उंचीवर ते पृष्ठभागावरच्या सुमारे ८९ टक्के उरते. ९.२: अंतराचे व्यस्त प्रमाण घेतले, वर्ग राहिला. ११.१: गुणोत्तर उलटे झाले, अंतर वाढल्यावर त्वरण घटलेच पाहिजे, ही पडताळणी केली नाही. इतक्या छोट्या ओळी पुरतात. मुलाने त्या वाचल्यावर त्याला आपली वाट ओळखू यावी, एवढेच त्यांचे काम. ‘हा पर्याय चुकीचा आहे, कारण बरोबर उत्तर ८.७ आहे’ असे स्पष्टीकरण पुष्कळ मार्गदर्शिकांत छापलेले असते. ते लिहिणाऱ्याने पर्यायाकडे पाहिलेलेच नसते.

संकल्पनेच्या प्रश्नाला असे गणिताचे बोट धरता येत नाही, म्हणून तो अधिक अवघड. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूला पोहोचला, त्या क्षणी त्याचे त्वरण किती? या प्रश्नाच्या चिठोऱ्यांत ‘शून्य’ हे उत्तर हमखास येते. नुसते उत्तर पाहिले तर एकच गठ्ठा होईल. पण कारणाची ओळ वाचली की त्याचे दोन गठ्ठे होतात. काही मुले लिहितात, चेंडू थांबला म्हणजे वेग शून्य, म्हणून त्वरणही शून्य. दुसरी लिहितात, वर जाताना त्वरण वर असते, खाली येताना खाली, तेव्हा मध्ये कुठेतरी ते शून्य झालेच पाहिजे. पहिल्यांनी वेग आणि वेगातला बदल यांत गल्लत केली आहे. दुसऱ्यांनी त्वरणाची दिशा वेगाच्या दिशेला बांधली आहे, आणि सूत्र वापरताना वर जाणाऱ्या वस्तूसाठी g उणे आणि पडणाऱ्या वस्तूसाठी अधिक धरायला आपणच शिकवलेले असते, त्याचाही या समजात हात आहे. ‘शून्य’ हा एकच पर्याय ठेवला तर दोन वेगळ्या दुखण्यांची मुले एकाच खाटेवर येतात.

म्हणून प्रश्नाची व्याप्ती वाढवावी लागली. या संग्रहात तो असा आहे: एक चेंडू सरळ वर फेकला. हवेचा रोध विचारात न घेता, हातातून सुटल्यापासून परत येईपर्यंत त्याच्या त्वरणाविषयी कोणते विधान योग्य आहे?

अ) ते पूर्ण वेळ खालच्या दिशेने असते आणि सारखेच राहते.
ब) वर जाताना वरच्या दिशेने, सर्वोच्च बिंदूला शून्य, येताना खालच्या दिशेने असते.
क) जाताना आणि येताना खालच्या दिशेने असते, सर्वोच्च बिंदूला मात्र शून्य होते.
ड) पूर्ण वेळ खालच्या दिशेने असते, जाताना घटत जाते आणि येताना वाढत जाते.

क निवडणाऱ्याला वेग शून्य आणि त्वरण शून्य एकच वाटते. ब निवडणारा त्वरणाला वेगाची दिशा देतो. ड निवडणाऱ्याला दिशा समजली आहे, पण चेंडूची चाल आणि त्वरण त्याने एक धरले आहे. आता निकालाचा कागद पाहून शिक्षकाला दुसऱ्या दिवशी कोणत्या मुलाशी काय बोलायचे ते ठरवता येते.

चार पर्याय हवेतच का, असे कुणी विचारील. मायकेल रॉड्रिगेझ यांनी २००५ मध्ये आधीच्या अनेक दशकांतल्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला आणि बहुतेक ठिकाणी तीन पर्याय पुरेसे ठरतात असा निष्कर्ष काढला. मला तो पटतो. वर्गातल्या चाचणीत तिसरी खरी चूक सापडत नसेल तर तीन पर्यायांवर थांबावे. इथे चार ठेवले आहेत ते मुलांना पुढे एमएचटी-सीईटी आणि नीटसारख्या परीक्षांत चार पर्यायांचीच सवय लागते म्हणून, आणि ज्या विधानांना तिसरी चूक मिळाली नाही ती विधाने संग्रहातून गाळली आहेत.

स्पष्टीकरण आपण मुलासाठी लिहितो असे समजतो. प्रश्न काढणाऱ्यालाच ते पहिल्यांदा उपयोगी पडते. उदाहरण या धड्यातलेच आहे. सुमारे ४०० किमी उंचीवर फिरणाऱ्या अंतराळस्थानकात अंतराळवीर तरंगताना दिसतो, याचे कारण कोणते? बरोबर उत्तर असे की स्थानक आणि अंतराळवीर दोघेही एकाच त्वरणाने पृथ्वीकडे मुक्तपतन करत असतात. चुकीचा एक पर्याय सहज सुचतो: ‘तिथे पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण कमी असते.’ आता त्याचे स्पष्टीकरण लिहायला बसलो की पहिलेच वाक्य येते, ‘गुरुत्वाकर्षण कमी असते हे खरे, परंतु…’ आणि हात थांबतो. पर्याय खरा आहे. ९.८ चे ८.७ झाले म्हणजे कमी झालेच. हुशार मुलगा तो निवडून वाद घालील आणि त्याची बाजू पूर्णपणे खोटी ठरवता येणार नाही. पर्याय बदलून ‘तिथे पृथ्वीचे गुरुत्व बल जवळजवळ शून्य असते’ असा केला की तो निश्चित चुकीचा होतो आणि मुलांच्या मनातला समजही नेमका तोच असतो.

याहून कठीण प्रसंग दुसऱ्या पर्यायाचा. ‘गुरुत्व बल आणि केंद्रोत्सारी बल एकमेकांना रद्द करतात’ हा पर्याय अनेक तयार प्रश्नसंचांत चुकीचा म्हणून दिलेला असतो. दिसायला तो फार आकर्षक आहे. पण स्थानकाबरोबर फिरणाऱ्या निरीक्षकाच्या चौकटीतून पाहिले तर हे वर्णन भौतिकशास्त्राला मान्य आहे. दहावीच्या मुलाला चौकटींचा हा भेद शिकवलेला नसतो, म्हणून त्याला दोष देता येत नाही. आणि ज्याने घरी मोठ्या भावाच्या पुस्तकात तो वाचला असेल त्याला आपण बरोबर विचार केल्याबद्दल शून्य गुण देऊ. जो पर्याय वरच्या इयत्तेत खरा ठरतो तो खालच्या इयत्तेत चुकीचा म्हणून वापरू नये. त्याऐवजी ‘स्थानकाबाहेर हवा नसल्यामुळे आतल्या वस्तूंवर पृथ्वीची ओढ पोहोचत नाही’ हा पर्याय घेतला आहे. हवा आणि गुरुत्वाकर्षण यांची सांगड घालणारी मुले असतात आणि त्या पर्यायाचे स्पष्टीकरण अडखळत नाही.

भाषेतल्या खुणांबद्दल थोडेच सांगतो, कारण बहुतेकांना त्या माहीत असतात. बरोबर पर्याय सर्वांत लांब आणि अटी-अपवादांनी सजलेला असला की मुले तो मजकूर न वाचता ओळखतात. ‘वरीलपैकी सर्व’ असेल तर दोन पर्याय बरोबर वाटले की काम झाले. मराठीत मात्र एक खूण आपल्या व्याकरणामुळे जास्त बोलते, ती लिंगाची. ‘पृथ्वी वस्तूवर जे प्रयुक्त करते ते म्हणजे ___’ असे विधान आणि बल, ऊर्जा, वेग, शक्ती असे पर्याय दिले तर ‘जे’ आणि ‘ते’ यांच्याशी जुळणारे नपुंसकलिंगी नाम एकटे ‘बल’ उरते. धडा न वाचलेला मराठी मुलगाही ते उचलतो. विधान पूर्ण प्रश्नाच्या रूपात लिहिले की हा धोका बराच टळतो. संग्रहातले जवळपास सगळे प्रश्न रिकाम्या जागेऐवजी प्रश्नचिन्हाने संपतात, त्याचे हेही एक कारण आहे.

प्रश्न वर्गात जाऊन आल्यावर त्याची खरी तपासणी होते. समजा, चेंडूचा प्रश्न चाळीस मुलांना दिला आणि अ ला १५, ब ला ६, क ला १७ आणि ड ला २ मुलांनी पसंती दिली. बरोबर उत्तरापेक्षा चुकीच्या क ला जास्त मते पडलेली पाहून प्रश्नच वाईट म्हणून काढून टाकावासा वाटतो. घाई करू नये. पूर्ण चाचणीच्या गुणांप्रमाणे मुलांचा क्रम लावायचा आणि वरची व खालची २७ टक्के मुले वेगळी काढायची. हे प्रमाण ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये सुचवले आणि ते आजही वापरतात. चाळीसांत अकरा-अकरा मुले येतात. वरच्या अकरांपैकी ८ जणांनी अ निवडला आणि खालच्यांपैकी २ जणांनी, तर फरक ६, भागिले ११, म्हणजे भेदनक्षमता ०.५५. हा प्रश्न उत्तम आहे. कठीण आहे, एवढेच. आणि क च्या सतरा मुलांसाठी त्वरणाचा तास पुन्हा घ्यायला हवा. याउलट वरच्या अकरांतच क ची गर्दी अ पेक्षा जास्त निघाली, तर आधी उत्तरसूची तपासावी, मग प्रश्नाची वाक्यरचना, आणि मुलांना शेवटी दोष द्यावा. ड ला दोघांनीच निवडले. पाच टक्क्यांखाली निवड होणारा पर्याय निकामी समजण्याची रीत आहे, पण चाळीस मुलांत पाच टक्के म्हणजे दोनच मुले, तेव्हा एका वर्गावरून त्याला काढू नये. दोन-तीन तुकड्यांचे कागद एकत्र करून मगच ठरवावे.

या धड्यातला एक भाग मात्र संग्रहात मुद्दाम घेतलेला नाही. केप्लरच्या तिसऱ्या नियमावरून न्यूटन अंतराच्या व्यस्त वर्गापर्यंत कसा पोहोचला, ती चार-पाच पायऱ्यांची मांडणी. तिच्यावर पर्याय देऊन प्रश्न करून पाहिले, पण दरवेळी शेवटची पायरी ओळखण्यापुरताच प्रश्न उरत होता. आवर्तकालाचा वर्ग कुठे ठेवायचा आणि वेग कसा घालवायचा हे मुलाला स्वतःला सुचते की नाही, हे खूण करून समजत नाही. त्यासाठी कोरा कागद द्यावा, पंधरा मिनिटे द्यावीत आणि मधल्या पायऱ्यांनाही गुण द्यावेत.